बेळगावच्या वडगावातलं खो-खो मैदान: फेब्रुवारी ते नोव्हेंबर 2025 च्या नोंदी, खर्चासह

मी कॉलेजात असताना चार वर्षं खो-खो खेळलो, दोन वर्षं विद्यापीठाच्या संघात होतो. त्यानंतर उद्यमबागेत फाउंड्रीत लागलो आणि खेळ सुटला. गल्लीतल्या पोरांना शिकवायला घेतल्यापासून ही वही ठेवली आहे. निपाणी किंवा खानापूरकडं कुणी असंच काही सुरू करत असेल तर जागा आणि फी या दोन गोष्टींत माझं काय काय चुकलं ते आधी वाचावं. शिकवण्याचं पुढं बघता येतं.

2 फेब्रुवारी 2025, रविवार

गेल्या महिन्यात 19 तारखेला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल झाली. आपल्या पोरी आणि पोरं, दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं रस्त्यावर उकिडवी बसून खो द्यायला लागली. डांबरावर! गुडघे सोलून घ्यायचा धंदा. मागल्या गल्लीतल्या मावशींनीच हटकलं, ‘तू खेळूलास की आधी, मग ह्यांस्नी कुठंतरी मातीत न्हे की रे.’

आज पाटीलकीच्या शिवाराला लागून झालेल्या नव्या लेआउटमध्ये गेलो. रिकाम्या साईट आहेत. 31 पोरं आली, त्यातल्या 9 मुली. फी काही नाही असं सांगून टाकलं. ‘माझा काय खर्च आहे?’ असं तेव्हा मनात होतं.

5 फेब्रुवारी

संध्याकाळी टेप घेऊन जागा मोजली. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. चारही बाजूंनी दीड मीटरची लॉबी धरली तर 30 बाय 19, म्हणजे सुमारे 98 फूट बाय 62 फूट. साडेपाच गुंठ्यांपेक्षा थोडी जास्तच जागा. आपल्याकडं साईट 30 बाय 40 ची असते. तीन साईट ओळीनं धरल्या की 90 फूट होतात, आठ फूट कमी पडतात. रुंदीला दोन साईट पाठीला पाठ लागतात. म्हणजे आठ साईट मोकळ्या असतील तरच लॉबीसकट मैदान बसतं. मी सहावर भागवलं आणि लांबीची लॉबी दोन्हीकडच्या रस्त्यावर सोडली. रस्त्यावर खडी आहे. ते तेव्हा दिसत होतं, पण ‘बघू’ म्हणून सोडलं.

लेआउटवाल्याला फोन केला. ‘खेळू देत की पोरं, काय होतंय’ म्हणाला. ही माझी परवानगी.

9 फेब्रुवारी

जमीन काळी. वरून तडे आणि कसपट. जेसीबी दीड तास, तासाला 1,200 प्रमाणं 1,800 रुपये. लाल मातीच्या दोन ट्रॉल्या, 1,400 प्रमाणं 2,800. पाण्याचा टँकर 600. पसरून, पाणी मारून, पोरांनीच पायानं दाबली. रोलर मिळाला नाही.

खांबासाठी फाउंड्रीच्या भंगारातून तीन इंची लोखंडी पाइपचे दोन तुकडे आणले, 640 रुपये. तीन इंची पाइपचा बाहेरचा व्यास जवळपास 9 सेंटीमीटर येतो आणि खो-खोचा खांब 9 ते 10 सेंटीमीटरचा लागतो. मला वाटलं, डोकं लढवलं. चुना 160. एकूण 6,000. खिशातून.

12 फेब्रुवारी

तीन गोष्टी एकाच संध्याकाळी चुकल्या.

पहिली चुन्याची. दुकानदारानं कळीच्या चुन्याची पूड दिली आणि मी ती तशीच रेषांवर मारली. खो-खोत पोर चौकात बसतं तेव्हा दोन्ही हाताचे पंजे जमिनीवर, मधल्या पाटीच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या लांब पट्ट्याच्या, रेषेलाच टेकलेले असतात. अर्ध्या तासात सात-आठ जण हात चोळायला लागले. एकीनं तेच हात डोळ्याला लावले. नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुतला, तिच्या आईसोबत दवाखान्यात गेलो, सुदैवानं लाली सोडून काही नव्हतं. रेषेसाठी फक्की मागायची, चुना नाही. दुकानात ‘मैदानाची फक्की’ असंच म्हणा आणि जुन्या डब्यात थोडी ओली करून बघा. डबा गरम लागला तर परत द्या.

दुसरी पाइपची. खांबाला एका हातानं धरून वळणं हा या खेळाचा अर्धा जीव आहे. दुपारभर तापलेला पाइप पोरांना धरवेना, आणि घामेजला हात त्यावरून सटकतो. एक जण सुसाट आला, हात सटकला आणि खांद्यानं पाइपवर आदळला. लाकडी खांब का म्हणतात ते चार वर्षं खेळूनही मला नव्यानं कळलं. लाकूड हाताला धरतं आणि धक्का लागला तर थोडा खातंही.

तिसरी चूक मला घरी आल्यावर कळली. जागा नव्या मापानं मोजली, पण मैदान आखलं ते माझ्या वेळचं. तेव्हा मैदान 29 मीटर लांब होतं, दोन खांबांत साडेतेवीस मीटर आणि प्रत्येक खांबामागं पावणेतीन मीटर मोकळी जागा. आता खांबांमध्ये 24 मीटर आणि मागं फक्त दीड मीटर. अर्ध्या मीटरनं सरावात काही बिघडत नाही. पण मागची जागा सव्वा मीटरनं जास्त राहिली तर पोरं खांबाला लांबून वळसा घालायला शिकतात, आणि खऱ्या मैदानात तोच वळसा घेताना दोन्ही पाय रेषेबाहेर गेले की गडी बाद. सवय एकदा लागली की मोडायला महिना जातो.

16 फेब्रुवारी

नव्यानं आखणी. कुणाला करायची असेल तर हिशोब असा. खांबापासून पहिली आडवी पाटी 2.55 मीटरवर. प्रत्येक पाटी 35 सेंटीमीटर रुंद, अशा आठ. दोन पाट्यांमध्ये 2.30 मीटर, अशा सात जागा. बेरीज करून बघायची: 2.55 दोनदा म्हणजे 5.10, पाट्यांचे 2.80, मधल्या जागांचे 16.10. एकूण 24.00. बेरीज चोवीस आली नाही तर टेप कुठंतरी ढिला होता. मधली लांब पाटी 30 सेंटीमीटर रुंद, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत.

चौकोन सरळ आहे का ते कर्णानं बघायचं. 27 आणि 16 चा कर्ण 31.38 मीटर येतो. दोन्ही कर्ण मोजले, एक 31.20 आणि दुसरा 31.56 निघाला. म्हणजे मैदान तिरकं. एक टोक सरकवायला अर्धा तास गेला, पण त्याशिवाय पाट्या काटकोनात बसतच नाहीत. एकट्यानं मोजू नका, टेपचं दुसरं टोक धरायला मोठं पोर घ्या. लहान पोर टोक सोडून कुत्र्यामागं पळतं.

आज 19 पोरं होती.

2 मार्च

11 पोरं. फुकट म्हणून जोरात सुरू झालं, फुकट म्हणूनच गळती. क्रिकेटची मॅच असली की निम्मी तिकडं. खो-खोला एका बाजूला नऊ गडी लागतात. अकरा पोरांत एक संघ होतो, दुसरा होत नाही.

फी लावायची ठरवली. महिना 300. उद्यमबागेजवळ कराटेवाले घेतात तेवढीच, एवढाच विचार केला.

9 मार्च

6 पोरं. चौघांच्या घरून पैसे आले. एका आईनं दारातच सांगितलं, ‘सर, तुमचं काय चुकत न्हाई, पण तीनशे एकदम कुठनं काढायचे? बटवडा शनिवारी.’ मला माझ्याच गल्लीचं कळलं नव्हतं. इथं निम्म्याहून जास्त घरं विणकामाच्या मागावर आहेत, हातात पैसा आठवड्याला येतो. महिन्याच्या एक तारखेला तीनशे मागणं हे पगारदाराचं डोकं.

23 मार्च

आठवड्याला 40 रुपये, रविवारी सकाळी, म्हणजे शनिवारच्या बटवड्यानंतर. पोरं परत 17 झाली. रक्कम महिन्याला 160 पडते. पण फरक नुसता रकमेचा नाही, दिवसाचा आहे.

30 मार्च, पाडवा

गुढी उभी करून मैदानावर गेलो तर तारेचं कुंपण. सहा साईटपैकी दोन विकल्या गेल्या होत्या. नव्या मालकानं पाडव्याचा मुहूर्त साधून पायाची फक्की मारली होती, माझ्या तिसऱ्या पाटीवरून. त्याची काही चूक नाही, त्याची जागा. लेआउटवाल्याला फोन केला तर म्हणाला, ‘मी खेळा म्हटलं, मैदान करा म्हटलं नव्हतं.’ खरं आहे.

सहा हजार गेले. लाल माती तरी उचलून न्यावी म्हणून बघितलं, तर ती उचलण्याइतकी नव्हतीच. इथं एक हिशोब मी आधीच करायला हवा होता. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट माती. मैदान 27 बाय 16, म्हणजे सुमारे 4,650 चौरस फूट. दोन ट्रॉल्या सगळीकडं पसरल्या की थर किती? अर्धा इंच. काळ्या मातीवर अर्धा इंच लाल म्हणजे पोळीवर तूप. महिन्यात नाहीसं झालं.

एप्रिल ते मे

सुट्ट्या. निम्मी पोरं मामाच्या गावाला. जागेसाठी फिरलो. देवळामागचं पटांगण: मंगळवारी बाजार, आणि फरशी. कॉलेजचं मैदान: मोठं, चांगलं, पण तिथं सकाळ-संध्याकाळ क्रिकेट अकादमी, आणि मागितलेलं भाडं महिन्याला आमच्या सगळ्या जमेपेक्षा जास्त. तिसरी जागा सरकारी शाळेची. मागं काळ्या मातीचं पटांगण, एका बाजूला शौचालय, दुसऱ्या बाजूला चिंच. मोजलं: 34 मीटर बाय 21. बसतं!

मुख्याध्यापक चांगले. म्हणाले, मी एकटा हो म्हणू शकत नाही, एसडीएमसी म्हणजे शाळेच्या समितीपुढं ठेवतो, तुम्ही अर्ज द्या. अर्ज मी मराठीत लिहून नेला. त्यांनी वाचला, हसले, आणि वरच्या कार्यालयात जायचा असेल तर कन्नडमध्ये लागेल म्हणाले. फाउंड्रीतला माझा जोडीदार हुक्केरीकडचा आहे, त्यानं डब्याच्या सुट्टीत अर्ध्या तासात लिहून दिला. वर एक ओळ त्यानं स्वतःची घातली, ‘मुलांकडून काही अपेक्षा न ठेवता’. मला ती वाचता आली नाही. पुढं हीच ओळ नडली.

8 जून

एसडीएमसीची बैठक. होकार मिळाला, पण लेखी अटींसह: शाळा सुटल्यावर साडेचार ते सहा आणि रविवारी सकाळी, सकाळच्या प्रार्थनेला पटांगण मोकळं हवं, म्हणजे खांब काढता आले पाहिजेत, मोडतोड आमच्या अंगावर, आणि फी घ्यायची नाही.

शेवटच्या अटीवर मी गप्प बसलो. फी नाही तर माती, फक्की, टेप, औषधं कुठनं? आणि फुकट चालवलं की काय होतं ते फेब्रुवारीत बघितलेलं.

अध्यक्ष स्वतः मागवाले. त्यांना मी वही दाखवली, ही वही. सहा हजाराचं पान, बटवड्याचं पान. तासभर बोलणं झालं आणि शेवटी असं ठरलं: त्या शाळेत शिकणाऱ्या पोरांकडून एक पैसा घ्यायचा नाही. बाहेरच्या पोरांकडून मी ‘फी’ घ्यायची नाही, गल्लीच्या युवक मंडळानं वर्गणी घ्यायची, पावतीसह, मंडळाच्या खात्यात. त्यातून मैदानाचा खर्च. मला एक रुपया नाही. दर तीन महिन्यांनी हिशोब शाळेच्या फलकावर लावायचा. आणि हे सगळं ठरावात लिहायचं. दुसऱ्या अर्जात जोडीदाराची ती ओळ काढली आणि खरं काय ते लिहिलं. ठरावाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. अकरा महिने चालवायची मुदत, मग नूतनीकरण.

मला काही मिळत नाही हे घरी आवडलेलं नाही. पेट्रोल महिन्याला सातशे-आठशे जातं, ते माझंच. ज्याला यातून पोट भरायचं आहे त्याला सरकारी शाळेचं पटांगण चालणार नाही, त्यानं भाड्याची जागा आणि महिना सहाशे-सातशे देणारी वस्ती बघावी. माझी वस्ती ती नाही.

22 जून

पाऊस. काळी माती म्हणजे पायाला दोन-दोन किलो. पटांगणावर पाय ठेवता येत नाही. पूर्ण जून-जुलै व्हरांड्यात काढायचं ठरलं. आधी वाटलं वेळ वाया. तसं झालं नाही, खाली लिहितो.

6 जुलै

व्हरांडा 12 मीटर लांब. खडूनं चार चौक काढले, 2.30 च्या अंतरानं. इथं धावता येत नाही, म्हणून फक्त बसणं आणि उठणं.

फेब्रुवारीत मी पोरांच्या हट्टापायी पहिल्या आठवड्यातच सूर मारायला शिकवलं होतं. टीव्हीत तेच दिसतं. हनुवटी फुटली, कोपर सोलले, आणि खेळात फरक शून्य. आठवून बघितलं तर त्या वेळी पाच मिनिटांच्या एका डावात मी 14 फाउल मोजले होते. त्यातले दहा तर बसणाऱ्यांचे: हात लागायच्या आधी उठणं, किंवा खो मिळाल्यावर पहिलं पाऊल मधल्या पाटीपलीकडं पडणं.

कारण बसण्यात आहे. पोरं दोन्ही पाय शेजारी ठेवून बेडकासारखी बसतात. उठताना मग तोल पुढं जातो, पाऊल सरळ पुढं म्हणजे आपल्या तोंडासमोर पडतं. खरं तर पाठलागाची दिशा आडवी, खांबाकडं. म्हणून एक पाय पुढं, एक अर्धं पाऊल मागं, टाच उचललेली, आणि हात रेषेच्या आत. उठताना मागचा पाय वळतो आणि पहिलं पाऊल पाटीला समांतर पडतं. सांगायला एक वाक्य, बसवायला पाच आठवडे.

आणखी एक: इथली पोरं मिसळलेली. मराठी, कन्नड, काही उर्दू बोलणारी. मी ‘ऊठ’ म्हणायचो, शेजारचा ‘एद्देळु’ म्हणायचा, आणि मधलं पोर दोन्हीला उठायचं. आता सरावात बोलायचं नाही असा नियम. ‘खो’ सोडून एक शब्द नाही, तोही हात पाठीला लागल्यावरच. कानावर नाही, पाठीवर विश्वास. डोळे मिटवून बसवतो, मी मागून कधी नुसतं ‘खो’ म्हणतो, कधी नुसता हात लावतो, कधी दोन्ही. दोन्ही झालं तरच उठायचं. एरवी उठला तो भिंतीला जाऊन शिवून येणार.

3 ऑगस्ट

पावसानं आठवडाभर उघडीप दिली. मैदानाचं काम. या वेळी माती सगळीकडं पसरली नाही. तीन ट्रॉल्या, 4,200. त्यातल्या दोन फक्त मधल्या पट्ट्यात: 27 मीटर लांब, अडीच मीटर रुंद, म्हणजे सुमारे 730 चौरस फूट. तिथं थर सव्वातीन इंचाचा पडला, दाबून दोन-अडीच. तिसरी दोन्ही खांबांभोवती, कारण सूर तिथंच मारले जातात. बाकी मैदान काळंच ठेवलं. धावायला काळी माती वाईट नाही, फक्त ओली नको.

खांब: नीलगिरीचे, वखारीत साडेनऊ सेंटीमीटरला उतरवून आणि घासून घेतले. दोन्हींचे 1,100. जमिनीवर 120 सेंटीमीटर आणि खाली 60. काढता यावेत म्हणून चार इंची पाइपचे दोन-दोन फुटांचे तुकडे जमिनीत काँक्रीटनं बसवले, त्यात खांब उतरतो. पाइप 700, काँक्रीट 350. फक्कीचं पोतं 250. एकूण 6,600. मार्चमधली वर्गणी, माझे दोन हजार आणि मंडळाच्या गणपतीच्या शिलकेतून बाकी. मंडळाचे पैसे डिसेंबरपर्यंत परत करायचे आहेत.

10 ऑगस्ट

खांब हलतो. पाइपच्या आतला व्यास साडेदहाच्या आसपास, खांब साडेनऊ. चारी बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर सैल. हातानं धरून वळताना ‘खट’ असा आवाज येतो आणि पोर दचकतं. लाकडी पाचर मारली, ती तिसऱ्या दिवशी निघाली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या खांबाच्या खालच्या भागाला दोन ठिकाणी गुंडाळल्या, एक अगदी तळाला आणि एक जमिनीच्या जरा खाली. आता दाबून बसतो आणि काढताना पिळून निघतो. खर्च शून्य.

पाइपचं तोंड जमिनीच्या वर राहता कामा नये. एक तुकडा बोटभर वर राहिला होता, तो ग्राइंडरनं कापला. खांब नसताना झाकण हवं, नाहीतर लहान पोराचा पाय जातो. रंगाच्या डब्याची झाकणं बसली.

24 ऑगस्ट

पाच मिनिटांचा डाव. फाउल 5. फेब्रुवारीत 14 होते.

एक युक्ती हाताला लागली. सरावाआधी मधल्या पाटीवर झारीनं हलकं पाणी मारतो, दोन हात रुंदीचा पट्टा, चिखल होणार नाही इतकंच. लाल मातीत पाऊल स्वच्छ उमटतं. पोर म्हणालं, ‘मी पलीकडं टाकलोच नाही’, तर त्याला वाद न घालता खाली बघायला सांगतो. अंगठ्याची खूण रेषेवर असते. दोन-तीनदा स्वतःची खूण बघितली की ओरडावं लागत नाही. मला इतके महिने शिट्टी मारून जे जमलं नाही ते झारीनं जमलं.

14 सप्टेंबर

वर्गणीची गडबड. आता 24 पोरं: 13 शाळेची, 11 बाहेरची. 11 चे आठवड्याला 440 यायला हवेत. गेले चार रविवार 400, 360, 280, 240. आणि विचित्र म्हणजे जी पोरं पैसे आणत नाहीत ती खेळायलाही येत नाहीत. मी कुणाला परत पाठवलेलं नाही. मग?

विचारल्यावर कळलं. मी रविवारी सगळ्यांसमोर वहीत नावं घेत होतो. ज्याच्याकडं चाळीस नाहीत ते पोर लाजेनं रविवारी येत नाही, आणि रविवार चुकला की सोमवारीही तोंड चुकवतं. त्यात शेजारी फुकट खेळणारी तेरा पोरं बसलेली.

बदल: पोरांनी पैसे आणायचेच नाहीत. पोस्टकार्डाच्या जाडीचं एक कार्ड, महिन्याचे चार चौकोन, ते घरी आईकडं. दोन गल्ल्यांतल्या एका मावशींनी जबाबदारी घेतली. त्या शनिवारी संध्याकाळी बचत गटाचे पैसे गोळा करायला फिरतातच, त्याच फेरीत हे चाळीस. एका चौकोनावर सही. पैसे नसतील तर चौकोन रिकामा, पुढं भरला तर भरला. मला कुणी दिलं, कुणी नाही, ते कळत नाही आणि मी विचारत नाही. मला फक्त एकूण आकडा कळतो.

12 ऑक्टोबर

चार शनिवारांचे 420, 440, 380, 440, एकूण 1,680. खर्च: फक्की 250, डेटॉल-कापूस-पट्ट्या 190, नवा टेप 220, मातीचा खड्डा भरायला पोतं-दोन पोती मुरूम 150. शिल्लक 870. मंडळाला 800 परत केले. पहिला हप्ता.

पोरं वजीर मागतात. लीगमध्ये दोन्ही दिशांना पळणारा तो एक गडी असतो, त्यांना तोच व्हायचं असतं. शाळेच्या स्पर्धेत तो नसतो, म्हणून सरावात देत नाही. महिन्यातून एक रविवार, शेवटची दहा मिनिटं, देतो.

9 नोव्हेंबर

खानापूर तालुक्यातल्या एका गावाच्या पोरांशी सामना. त्यांचं मैदान गावठाणातलं, तांबडी जमीन, रोलर न मारताच कडक. आमची पोरं तिथं सुसाट सुटली आणि खांबाजवळ घसरली, कारण त्या कडक जमिनीवर वरची माती भुसभुशीत होती. पहिल्या तुकडीचे तीनही गडी दोन मिनिटांत बाद. दोघे तर खांबामागं रेषेबाहेर गेले. म्हणजे फेब्रुवारीतला तो जुन्या मापाचा वळसा अजून कुणाच्या तरी पायात आहे. दोघेही पहिल्या दिवसापासूनची पोरं.

हरलो, पाच गुणांनी. आमचे फाउल पूर्ण सामन्यात 9. त्यांच्या मास्तरांनी विचारलं, बसायला कुणी शिकवलं? व्हरांड्यानं, म्हटलं.

येताना टेम्पोचे 1,500 लागले, ते वर्गणीत नव्हते. आधी पालकांकडून तेवढ्यापुरते मागायला हवे होते, मी ते ऐन वेळी स्वतः भरले.

16 नोव्हेंबर

त्या दोघांसाठी खांबामागं दीड मीटरच्या रेषेवर ओल्या पोत्यांची ओळ टाकली. वळसा मोठा झाला की पाय पोत्यावर पडतो आणि कळतं. आज पहिला चौदापैकी सहा वेळा पोत्यावर, दुसरा चार वेळा.

पूर्वेकडच्या खांबाला वरून वीतभर उभी चीर गेली आहे. नीलगिरी ओलीच कापली असणार. वखारवाल्यानं पाहिली, सागाचा घे म्हणतोय, एकाचे नऊशे. तोवर चिरेवर सुतळी गच्च बांधून वरून कापडी पट्टी. मंडळाचे अजून 2,900 द्यायचे आहेत. खांब जानेवारीत.